बडोद्याहून कॅनडाला: पहिल्या वर्षी वजन कुठून वाढतं आणि कुठे अडवायचं

माझा भाचा २०२३च्या सप्टेंबरात बडोद्याहून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनला शिकायला गेला. निघायच्या आदल्या दिवशी दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर मी त्याचं वजन घेतलं होतं. ६२ किलो, उंची १७० सेंटिमीटर, कंबर ८१ सेंटिमीटर. पुढच्या ऑगस्टमध्ये तो सुट्टीवर आला, त्याच काट्यावर उभा राहिला आणि आकडा ७० वर थांबला. कंबर ९१. घरात सगळे खूश होते, "तब्येत छान झाली पोराची" म्हणत होते. तो मात्र गोंधळला होता. "मावशी, मी बाहेरचं काही खातच नाही गं. पिझ्झा-बर्गर महिन्यातून एकदा. रोज घरीच करतो आम्ही."

तो खरं बोलत होता. परदेशी गेलेल्या मुलांना आहाराचा सल्ला देताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हा लेख त्याच वाक्यावर लिहिते आहे. बाहेरचं न खाताही ८ किलो कसे वाढतात, हे समजलं की ते कुठे अडवायचं हेही कळतं. आकडे कॅनडाचे, त्यातही ओंटारिओचे आहेत, कारण आपल्याकडची बरीच मुलं तिथेच जातात. कामासाठी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आधी हिशेब समजून घ्या

शरीरात एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. ८ किलोंचे झाले ६१,६०० आणि ते साठले ११ महिन्यांत, म्हणजे दिवसाला साधारण १८५ कॅलरी. वजन वाढत जातं तसा शरीराचा खर्चही थोडा वाढतो, म्हणून प्रत्यक्षात रोजची जास्तीची भर २५० ते ३०० धरू. ही भर एका ताटलीभर कांदेपोह्यांएवढी आहे. एवढी भर कुणाच्याच लक्षात येत नाही, पोटालाही जाणवत नाही.

मी त्याला तिथल्या तीन नेहमीच्या दिवसांचं खाणं-पिणं आठवून लिहायला सांगितलं. दोन कॉलेजचे दिवस आणि एक गोदामातल्या शिफ्टचा. कागदावर पहिल्यांदा त्याने फक्त जेवण लिहिलं. कॉफी लिहिलीच नव्हती, कारण ती त्याच्या लेखी खाणं नव्हतं.

दिवसाला दोन मध्यम कप कॉफी, तिथे जिला सगळे 'डबल-डबल' म्हणतात ती, म्हणजे दोन माप क्रीम आणि दोन माप साखर. अशा एका मध्यम कपात सुमारे २०० कॅलरी असतात. इथे घरी तो दोन कप चहा घ्यायचा, दोन्ही मिळून १७० च्या आसपास. नुसत्या पेयातला फरक दिवसाला २३०.

रात्री पोळ्या लाटायला कुणाला वेळ नाही, म्हणून आठवड्यातून चार रात्री फ्रोझन पराठे, प्रत्येकी तीन. त्यांच्या पाकिटावर एका पराठ्याला २५० कॅलरी छापल्या होत्या, म्हणजे तिनांचे ७५०. घरी तो पाच फुलके खायचा, त्यांचे सगळे मिळून ४०० होतात. चार रात्रींचा फरक सात दिवसांवर पसरला तर रोजचे २०० आले.

तिसरी गोष्ट तेल. हे काढायला मी त्याला एवढंच विचारलं, की तेलाची बाटली किती दिवसांत संपते? तीन लिटरची बाटली, तिघांत, तीन आठवडे. तेलाचं वजन लिटरला ९२० ग्रॅम धरा, म्हणजे माणशी दिवसाला ४४ ग्रॅम. बहिणीच्या घरी पाच लिटरचा कॅन चौघांना दीड महिना जातो, माणशी २५ ग्रॅमच्या आसपास. फरक १८-१९ ग्रॅम, म्हणजे १६५ कॅलरी.

या सगळ्यातून वजा काय होतं? सकाळचा नाश्ता. तो बंदच झाला होता, त्याचे ३०० कमी करू. २३० अधिक २०० अधिक १६५, वजा ३००: उरले २९५. काट्याने दाखवलेलं आणि कागदाने दाखवलेलं जुळलं.

यात चालण्याचा उल्लेख का नाही, असं तुम्ही विचाराल. बडोद्यात हा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही ॲक्टिव्हा काढायचा. तिथे उलट बसथांब्यापर्यंत चालतो आणि शिफ्टमध्ये आठ तास उभा असतो. थंडीवर आणि बर्फावर खापर फोडणं सोपं असतं, पण निदान त्याच्या बाबतीत कारण ताटात आणि कपात होतं.

आता मूळ मुद्दा. इथे आपलं माप आपण ठेवत नाही, घर ठेवतं. तेल आई पळीने काढते. दूध गवळ्याचं ठरलेलं येतं. नाश्त्याची आणि जेवणाची वेळ घड्याळापेक्षा घरातल्या माणसांनी बांधलेली असते. विमानात बसलेला मुलगा फोडणी शिकून जातो, पण हे मोजमाप इथेच राहतं. तिथे बाटली तीन लिटरची, कप मोठा, पाकीट बाराचं, आणि हात कुणी धरत नाही.

पहिली पायरी: बॅग भरताना

२३ किलोंच्या बॅगेत थेपले, चकल्या आणि चिवडा भरला जातोच आणि त्याला माझी हरकत नाही. पण त्यातल्या एका डब्याची जागा काढा आणि तीन वस्तू ठेवा: घरात रोज वापरातली आमटीची वाटी, मापाच्या चमच्यांचा जुडगा आणि शिंप्याची टेप. या जुडग्यातला मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो. त्यात मावणाऱ्या तेलात जवळपास १२० कॅलरी असतात, हा एक आकडा पाठ करा.

निघण्याच्या आठवड्यात सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी, वजन आणि कंबर मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. कंबर म्हणजे पँटची कंबर नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा आणि वाचायचं. पोट आत ओढायचं नाही.

आणि आणखी एक, आई-वडिलांसाठी. मुलाला पोळीपेक्षा वरण आणि दोन भाज्या मापाने करायला शिकवा. "अंदाजाने टाक" हे तुमच्या हाताला येतं, कारण त्यामागे तुमची पंचवीस वर्षं असतात. त्याला सांगा: चौघांच्या भाजीला दोन मोठे चमचे तेल, आणि तसं करून दाखवा.

दुसरी पायरी: पहिल्या खरेदीला जाल तेव्हा

पाकिटावर पोषणाचा तक्ता असतो. आपल्या सवयीत आणि तिथल्या तक्त्यात एक फरक आहे आणि तो फार जणांना फसवतो. आपल्याकडे बहुतेक पाकिटांवर १०० ग्रॅमचे आकडे असतात. तिथे ते एका 'सर्व्हिंग'चे असतात, आणि सर्व्हिंग किती हे अगदी वर छापलेलं असतं. तेवढी एक ओळ आधी वाचल्याशिवाय खालचा कॅलरीचा आकडा वाचायचाच नाही. शेवेच्या पाकिटावर १७० दिसतात आणि बरं वाटतं, पण ते ३० ग्रॅमचे असतात, म्हणजे एक लहान मूठ. टीव्हीसमोर पाकीट उघडून बसलेला माणूस तीन मुठी सहज खातो.

तक्त्याच्या उजव्या बाजूला टक्के असतात. कॅनडाच्या आरोग्य खात्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ५ टक्के किंवा कमी म्हणजे थोडं, १५ टक्के किंवा जास्त म्हणजे भरपूर. तुम्हाला तीन ओळी बघायच्या आहेत: सॅच्युरेटेड फॅट, साखर, सोडियम. यातलं काही जास्त असेल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूलाच काळं-पांढरं भिंगाचं चिन्ह छापणं जानेवारी २०२६ पासून सक्तीचं आहे. मात्र हे चिन्ह सगळ्यांवर नसतं आणि ते कॅलरी सांगत नाही. चिन्ह नाही म्हणून हवं तेवढं खा, असा त्याचा अर्थ नाही.

दुधाच्या कपाटासमोर नवखा माणूस हमखास गोंधळतो. ओंटारिओत दूध चार लिटरचं, तीन पिशव्यांत येतं. 'होमो' म्हणजे ३.२५ टक्के स्निग्धांशाचं, त्याशिवाय २ टक्के, १ टक्का आणि स्किम. एका मोठ्या कपात, २५० मिलिलिटरमध्ये, होमोच्या १६० आणि २ टक्केवाल्याच्या १३० कॅलरी. मी २ टक्के घ्यायला सांगते. चहा त्यात चांगला होतो आणि दहीही लागतं. दही विकत घेणार असाल तर साधं घ्या. फळांच्या चवीचे छोटे डबे म्हणजे श्रीखंडाचे लांबचे भाऊ आहेत.

पोळीचा प्रश्न मी सोडवलाय असं म्हणणार नाही, पण उतारा आहे. ब्रॅम्प्टनच्या भारतीय दुकानांत तयार रोट्या मिळतात. पाकिटावर एका रोटीच्या कॅलरी बघा आणि १०० च्या आतलं उचला. पराठ्याला पदर सुटतात ते स्निग्धांशामुळे. तो आठवड्यातून एकदा खायचा पदार्थ आहे, रोजच्या पोळीची जागा त्याला देऊ नका. राजमा आणि छोल्यांचे ५४० मिलिलिटरचे डबे मिळतात. पाण्याने दोनदा धुतले की बरंच मीठ निघून जातं आणि कुकर न लावता वीस मिनिटांत उसळ होते.

तिसरी पायरी: कॉफी

एकच गोष्ट बदलायची तयारी असेल तर ही बदला. ओंटारिओत २० किंवा जास्त शाखा असलेल्या खाद्यदुकानांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात. हा नियम २०१७ पासून लागू आहे, म्हणजे आकडा तुमच्या डोळ्यांसमोरच असतो. कप मोठा घेतला की क्रीम आणि साखरही त्या मापाने वाढते. 'दोन' हे माप कपागणिक बदलतं, ते चमचे नसतात.

मागायचं असं: लहान कप, क्रीमऐवजी दूध, एक साखर. सुमारे ५० कॅलरी. पहिले आठ-दहा दिवस पाणचट लागेल. मग जीभ वळते. क्रीमचा घट्टपणाच हवा असेल तर दिवसात एकच कप, आणि तो जेवणाच्या जागी नको, जेवणानंतर घ्या. भूक लागलेली असताना घेतलेली गोड कॉफी तासाभराने पुन्हा खायला लावते, हे माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी मुलं सांगतात. कोल्ड कॉफी, मँगो लस्सी, ज्यूस यांनाही हाच न्याय. ३५५ मिलिलिटरच्या कोल्याच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, जवळपास दहा छोटे चमचे. इथल्या उन्हात आपण उसाचा रस कधीमधी पितो. तिथे कॅन फ्रिजमध्ये बाराच्या गठ्ठ्याने पडलेले असतात.

चौथी पायरी: रविवारचा स्वयंपाक

तिघे-चौघे मिळून रविवारी आठवड्याचं करतात. ही पद्धत चांगली आहे, फक्त पातेलं आणि बाटली सैल असतात. करायचं एवढंच, की बाटलीतून थेट कढईत तेल ओतायचं नाही. एका पातेल्याला, ज्यात तिघांची दोन वेळची भाजी होईल, तीन मोठे चमचे तेल. मोजून. पनीर तळायचं नाही, तव्यावर परतायचं. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. तीन लिटर तिघांना चाळीस दिवस पुरलं तर मापात आहात, वीस दिवसांत संपलं तर कुणीतरी ओततंय. कुणाशी भांडायची गरज पडत नाही, बाटलीच सांगते.

फ्रिजमध्ये शिजवलेलं तीन-चार दिवसांचंच ठेवा, उरलेलं पहिल्याच दिवशी वाट्यांच्या मापाने फ्रीझरमध्ये टाका. घरून आणलेली वाटी इथे कामाला येते. एक वाटी वरण किंवा उसळ, एक वाटी भाजी, एक वाटी भात, दोन रोट्या. अख्खा डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की अख्खा डबा संपतो, ही माणसाची जात आहे.

पाचवी पायरी: शिफ्टचा दिवस

दुपारी ३ ते रात्री ११ ची शिफ्ट असेल तर नेहमीचं चित्र असं: सकाळी उशिरा उठणं, कॉफी, शिफ्टवर चिप्स, आणि मध्यरात्री घरी आल्यावर दिवसभराची भूक एकदम. पराठे त्याच वेळी निघतात. खाद्यदुकानात काम करणाऱ्यांना कामावरचं जेवण फुकट किंवा स्वस्त मिळतं, त्यांची अडचण तर आणखी मोठी. घरभाडं भरणाऱ्या मुलाला फुकटचं सोड म्हणणं मला जमत नाही. मी म्हणते, मुख्य पदार्थ घे, तळलेले बटाटे आणि कोला सोड.

बदल वेळेत करायचा असतो. दिवसाचं मोठं जेवण शिफ्टला निघण्याआधी, दोन-अडीचला, ताट वाढून. सातच्या सुट्टीला डब्यात उसळ-भात किंवा दोन रोट्या-भाजी. रात्री घरी आल्यावर फक्त वाटीभर वरण किंवा दही आणि एक फळ. भाच्याला यातलं सगळ्यात अवघड दुपारचं जेवण गेलं, कारण भूक नसायची. रात्रीचं कमी झालं तशी आठवड्याभरात सकाळची भूक परत आली. तुम्हालाही तो एक आठवडा काढावा लागेल.

सहावी पायरी: मोजत राहा, आणि कुठला आकडा धरायचा ते ओळखा

आठवड्यातून एकदा, त्याच वारी सकाळी वजन. रोज नको. खारट जेवण, पाणी किंवा पाळीचे दिवस यांमुळे एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे होतं आणि माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच खूश होतो. जाड जॅकेट आणि सैल पँटच्या देशात कपडे घट्ट होऊन इशारा देत नाहीत, आणि व्हिडिओ कॉलवर आईला फक्त चेहरा दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा टेप.

इथे एक फार महत्त्वाचं. तिथल्या सर्वसाधारण तक्त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ पर्यंत ठीक असं दिसेल. तुम्ही तो तक्ता धरू नका. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त वजन मानतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. कारण त्याच वजनात आपल्या अंगावर चरबी जास्त असते, आणि ती पोटात असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांची २१. भाचा ७० किलोंना २४.२ वर होता. तिथल्या तक्त्यात नॉर्मल, आपल्या मापाने जास्त वजनाचा, आणि ९१च्या कमरेसह साखरेच्या वाटेवर. त्याच्या आजोबांना पन्नाशीत मधुमेह झाला होता, म्हणून मी त्याची उपाशीपोटीची साखर तपासून घेतली. ती ठीक निघाली.

निघाल्यापासून २ किलो वाढले किंवा कंबर ३ सेंटिमीटर वाढली की थांबून तीन दिवसांचं लिहून काढा, कॉफीसकट. तिथे अडवणं सोपं असतं. ८ किलोंवर थांबून उतरवणं किती अवघड ते भाच्याने पाहिलं. कॉफी बदलली, पराठे आठवड्यातून एकदा, तेल मोजून. चार महिन्यांत तो ७० वरून ६७ वर आला, कंबर ८७ झाली, आणि मग काटा अडला. परीक्षेच्या महिन्यात किलोभर परतही आला. ६२ चा आकडा त्याला परत दिसेलच असं मी त्याला सांगितलेलं नाही. कंबर ८५ च्या खाली आणायची, एवढंच आमचं ठरलंय.

खाण्याचं कारण नसेल तेव्हा

मोजून खाऊनही महिन्याला २ किलो वाढत असतील, पायांवर बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, खूप थंडी वाजून सतत थकवा असेल, किंवा पाळी दोन-तीन महिने चुकली असेल, तर ताट कमी करत बसू नका. थायरॉइडची टीएसएच तपासणी, मुलींमध्ये पीसीओएसची तपासणी लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि स्टेरॉइड यांनीही वजन वाढतं. त्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोलायचं. ओंटारिओत परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य योजना सहसा लागू नसते, कॉलेजचा विमा असतो. त्याचं कार्ड पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि कॅम्पसच्या दवाखान्यात ते चालतं का, विचारून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना निघतानाचं वजन, आताचं वजन, दोन्ही तारखा आणि ते तीन दिवसांचं टिपण घेऊन जा.